सेवाशुल्क, भाचा आणि मुखत्यारपत्र

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे बायलॉजचा नमुना, महाराष्ट्राच्या सहकार खात्याने मराठीबरोबर इंग्रजीतही काढलेले असताना एखाद्या संस्थेच्या उपविधींचे इंग्रजी भाषांतर मुळात करून का घ्यावे, हा प्रश्न मला हे काम सांगणाऱ्या बाईंनीच पहिल्या फोनवर विचारला होता. त्या कॅनडात राहतात. मराठी उत्तम बोलतात, पण शाळा बंगळुरूत झाल्यामुळे सरकारी वळणाचा देवनागरी मजकूर वाचताना अडखळतात. वडिलांच्या पश्चात कोथरूडमधली सदनिका त्यांच्या नावावर झाली, भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढले आणि त्यानंतर संस्थेची बिले आणि सूचना ईमेलने येऊ लागल्या. त्यांनी इंटरनेटवरून आदर्श उपविधींची एक इंग्रजी प्रत उतरवून घेतली होती आणि ती बिलाशी ताडून पाहत होत्या. ताळा काही जुळत नव्हता.

तो जुळणार नव्हता, याचे कारण सोपे आहे. आदर्श उपविधी हा नमुना असतो. संस्थेवर बंधनकारक असतात ते तिने स्वीकारलेले आणि निबंधकाकडे नोंदवलेले उपविधी. नमुन्यात ठिकठिकाणी कोऱ्या जागा असतात, काही कलमांत पर्याय दिलेले असतात आणि लागू नसलेला पर्याय खोडायचा असतो. शिवाय नमुन्याच्या आवृत्त्या बदलत आल्या आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील २०१३ च्या दुरुस्तीनंतर २०१४ चा नमुना आला, पण आजही अनेक संस्था त्याआधीच्याच उपविधींवर चालतात, कारण नवा नमुना स्वीकारायचा म्हणजे सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश बहुमताने ठराव करून तो नोंदणीसाठी पाठवावा लागतो. म्हणून भाषांतर सुरू करण्यापूर्वी मी बाईंना संस्थेकडे नोंदणीकृत प्रत मागायला सांगितले. याच अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सदस्याला उपविधी कार्यालयात विनामूल्य पाहता येतात आणि शुल्क भरून त्यांची प्रतही मिळते. त्यासाठी कारण सांगावे लागत नाही.

जी छायाप्रत आली तिच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर उपनिबंधकांचा गोल शिक्का होता आणि मजकूर २०१४ च्या नमुन्याचा होता. त्यामुळे माझे निम्मे काम हलके झाले. जिथे संस्थेचा मजकूर नमुन्याशी शब्दशः जुळत होता तिथे मी खात्याचे इंग्रजीच घेतले. ते काही सुंदर नाही, पण वकील, लेखापरीक्षक आणि उपनिबंधक कार्यालय यांच्या ओळखीचे आहे, आणि अशा कामात ओळखीचा शब्द देखण्या शब्दापेक्षा उपयोगी पडतो. जिथे कोरी जागा भरली होती तिथे भरलेला आकडा घेतला, आणि एका कलमात जागा तशीच रिकामी राहिली होती तिथे इंग्रजीतही ती रिकामी ठेवून मूळ प्रतीत जागा कोरी असल्याची टीप दिली. अनुवादकाला अशा वेळी नमुन्यावरून किंवा शेजारच्या संस्थेच्या प्रथेवरून जागा भरण्याचा मोह होतो, पण संस्थेने जे ठरवलेच नाही ते तिच्या तोंडी घालण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. कलमांचे क्रमांकही मी बदलले नाहीत. कॅनडातून पाठवलेल्या पत्रात बाई ज्या कलमाचा हवाला देतील तेच कलम कोथरूडमधल्या कार्यालयात बसलेल्या सचिवांना त्यांच्या मराठी प्रतीत बोट ठेवून सापडले पाहिजे, नाहीतर भाषांतर वाचून झाल्यावर निरुपयोगी ठरते.

शिक्क्याच्या पानानंतर मात्र आणखी दोन टंकलिखित पाने टाचलेली होती. त्यांवर सर्वसाधारण सभेचे दोन ठराव होते. उपविधींच्याच पुस्तिकेला जोडलेले असल्यामुळे ते उपविधींचाच भाग असावेत असे वाचणाऱ्याला वाटते, आणि संस्थेतल्या बहुतेकांना तसेच वाटत होते. अधिनियमाचे कलम १३ याबाबतीत स्पष्ट आहे: उपविधींतली दुरुस्ती नोंदवली गेल्याशिवाय वैध होत नाही. ठराव हा ठराव म्हणून आपल्या जागी असतो, पण तो उपविधीला वळसा घालू शकत नाही. मी त्या दोन पानांचे भाषांतर केले, पण स्वतंत्र परिशिष्ट म्हणून, आणि वर लिहिले की ही पाने शिक्क्यानंतर जोडलेली असून त्यांच्यावर नोंदणीची खूण नाही. त्यांचा कायदेशीर अर्थ काय, हे लिहिले नाही. ते वकिलाचे काम. पण पान कुठे संपते आणि टाचणी कुठे सुरू होते हे वाचकाला दाखवणे हे माझे काम होते.

त्यातल्या एका ठरावातच बाईंच्या बिलाचे कोडे दडलेले होते.

त्यांच्या मासिक बिलात सेवाशुल्क १,८०० रुपये, लिफ्टचा खर्च ४००, दुरुस्ती व देखभाल निधी ३७५, सिंकिंग फंड १२५, टँकरच्या पाण्याचा वाटा ३५० आणि वाहनतळ २५० अशा रकमा होत्या. बेरीज ३,३०० रुपये. त्याखाली बिनभोगवटा शुल्क म्हणून आणखी ३३० रुपये लावलेले. बिनभोगवटा शुल्क म्हणजे ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात ते, सदस्य स्वतः न राहता दुसऱ्याला सदनिका देतो तेव्हा संस्था आकारते ती रक्कम. ठरावात लिहिले होते की अशा सदनिकांना एकूण मेंटेनन्सच्या दहा टक्के शुल्क लावावे. ३,३०० चे दहा टक्के ३३०, म्हणजे हिशोब ठरावाप्रमाणे बरोबर होता.

उपविधी मात्र मेंटेनन्स म्हणतच नाहीत. त्यांत या शुल्काचा दर शासनाच्या आदेशाच्या अधीन ठेवलेला आहे, आणि शासनाने अधिनियमाच्या कलम ७९अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. सेवाशुल्क मोजतानाही पालिकेचे कर वगळायचे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली माँ ब्लां गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात हा आदेश उचलून धरला. आणि सेवाशुल्क म्हणजे काय हेही उपविधींनी मोघम ठेवलेले नाही. कार्यालयातील नोकर, पहारेकरी, माळी, लिफ्टमन यांचे पगार, कार्यालयाचा वीज-पाण्याचा आणि कराचा खर्च, छपाई आणि टपाल, लेखापरीक्षणाचे शुल्क, सभांचा खर्च, वकिलाचे मानधन, जिन्यातल्या दिव्यांची वीज, गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाची वर्गणी आणि सर्वसाधारण सभेने मान्य केलेली इतर खर्चाची बाब, अशी ती यादी आहे. लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च, पाणी, वाहनतळ, दोन्ही निधी हे बिलातले वेगळे घटक आहेत आणि प्रत्येकाच्या वाटणीचा नियम वेगळा आहे. सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान वाटले जाते. पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का या किमान दराने. बाईंच्या सदनिकेचा बांधकाम खर्च संस्थेच्या दप्तरी सहा लाख धरलेला आहे, त्यावरून वर्षाला ४,५०० आणि १,५०० रुपये, म्हणजे महिन्याचे ३७५ आणि १२५ निघतात.

आता भाषांतरकाराच्या हातात काय होते ते पाहा. बोलण्यात सेवाशुल्क, मेंटेनन्स, देखभाल खर्च, सोसायटीचे बिल हे सगळे एकच. इंग्रजी बोलणारा पुणेकरही पूर्ण बिलाला मेंटेनन्सच म्हणतो. सेवाशुल्कासाठी मी तोच शब्द लिहिला असता तर वाक्य अधिक ओघवते आणि बाईंच्या अधिक परिचयाचे झाले असते, आणि ३३० रुपयांचे बिल इंग्रजी उपविधींशी ताडतानाही बिनचूक दिसले असते. शिवाय उपविधींत देखभाल हा शब्द दुरुस्ती व देखभाल निधीत स्वतंत्र अर्थाने आलेला आहे, त्यामुळे तोच इंग्रजी शब्द दोन वेगळ्या रकमांना लागला असता. म्हणून उपविधींत सर्व्हिस चार्जेस हाच शब्द प्रत्येक ठिकाणी, एकदाही पर्याय न वापरता ठेवला, आणि परिशिष्टातल्या ठरावात मात्र मूळचाच मेंटेनन्स राहू दिला. दोन्ही मजकुरांत विसंगती आहे, तर ती भाषांतरातही दिसली पाहिजे. ललित गद्याचा अनुवाद करताना मी एकाच पानावर तोच शब्द चार वेळा आला तर बेचैन होते, इथे तो चाळीस वेळा यावा अशी काळजी घेत होते.

बाईंनी वाचून स्वतःच हिशोब केला. १,८०० चे दहा टक्के १८०. महिन्याला दीडशे रुपये, वर्षाला १,८०० रुपये जास्त जात होते. ही रक्कम त्यांच्यासाठी मोठी नव्हती हे त्याही म्हणाल्या, पण संस्थेत भाड्याने दिलेल्या सदनिका आणखीही होत्या.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र जास्त जिव्हाळ्याचा होता. सदनिका त्यांनी भाड्याने दिलेलीच नव्हती. तिथे त्यांच्या बहिणीचा मुलगा राहतो, एक पैसा भाडे न देता, उलट आजोबांची पुस्तके आणि खिडकीतली तुळस सांभाळून. स्वतःच्या भाच्याला घरात ठेवले म्हणून शुल्क कसले, असे त्यांचे म्हणणे, आणि कोणत्याही मराठी माणसाला ते पटेल. पण उपविधींत कुटुंब या शब्दाची व्याख्या आहे आणि ती आपल्या मनातल्या कुटुंबापेक्षा तोकडी आहे. पती-पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, सून, मेहुणे मंडळी आणि नातवंडे, इतक्यावर यादी थांबते. भाचा नाही, पुतण्या नाही, चुलत-मावस भावंडे नाहीत. यादीतली नाती मी एकेक करून लिहिली; कुटुंबीय आणि जवळचे नातलग असा सोयीचा सारांश केला नाही, कारण त्या सारांशात भाचा अलगद आत आला असता. मेहुणे मंडळींच्या बाबतीत इंग्रजी उलट आपल्यापेक्षा ऐसपैस आहे. ब्रदर-इन-लॉ म्हटले की दीर, मेहुणा आणि साडू एका खोलीत येऊन बसतात, आणि तिथे खात्याच्या इंग्रजीने जो शब्द ठरवला आहे तोच मी ठेवला.

भाडे घेत नाही या मुद्द्यानेही फारसा उपयोग होत नव्हता. सदनिका दुसऱ्याला देण्याबाबतचे कलम केवळ भाड्याविषयी बोलत नाही. पोटभाडे, अनुज्ञप्ती म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार, केअरटेकर म्हणून ठेवणे आणि अन्य कोणत्याही रीतीने ताबा देणे, अशी चारही वाक्यखंडांची साखळी त्यात आहे. या चारांपैकी शेवटचा खंड सर्वांत महत्त्वाचा आणि भाषांतरात सर्वांत सहज गळणारा, कारण पहिल्या तीन शब्दांनंतर वाचकाला विषय समजला असे वाटते आणि उरलेले पुनरुक्तीसारखे भासते. कायद्याच्या मराठीत पुनरुक्ती सहसा नसते. प्रत्येक जादा शब्द कुठल्यातरी जुन्या वादावरचा उपाय असतो. भाड्याशिवाय राहणाऱ्या भाच्यावर शुल्क लावणे योग्य की अयोग्य, यावर मी मत दिले नाही. बाईंना एवढेच कळवले की कुटुंबाच्या यादीत तो नाही आणि ताबा देण्याच्या कलमात भाड्याची अट नाही. पुढचे वकिलाला विचारावे.

हाच भाचा आणखी एका कलमात आडवा आला. बाईंनी टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून त्याच्या नावे मुखत्यारपत्र पाठवले होते. बँक, वीजबिल, मालमत्ता कर यांसाठी ते चालत होते, आणि गच्चीच्या मोठ्या दुरुस्तीवर विशेष सर्वसाधारण सभा होती तिथेही तो त्यांच्या वतीने मत देईल असे त्यांनी धरले होते. सभेच्या दारात त्याला थांबवले गेले. बाईंना यात समितीचा खोडसाळपणा दिसला. पण उपविधी या ठिकाणी अगदी निःसंदिग्ध आहेत: प्रतिनिधी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेली व्यक्ती सदस्याच्या वतीने सर्वसाधारण सभेला उपस्थित राहू शकत नाही. मत देणे दूरच, बसताही येत नाही. अधिनियमाच्या कलम २७ मध्ये प्रतिनिधीमार्फत मतदानाला मनाई आहेच. परदेशातल्या मालकाला हे विशेष बोचते, कारण कंपनीच्या भागधारकाला प्रॉक्सी पाठवता येतो हे त्याला ठाऊक असते. सहकारी संस्थेचे तत्त्व वेगळे आहे, एक सदस्य एक मत, आणि ते मत माणसाशी बांधलेले आहे.

मग मार्ग काय, तर सहयोगी सदस्य. आणि इथे भाषांतराचे खरे कोडे सुरू झाले. २०१४ च्या उपविधींत सहयोगी सदस्य म्हणजे ज्याने दुसऱ्याबरोबर संयुक्तपणे भाग धारण केला आहे पण ज्याचे नाव भागपत्रावर पहिले नाही तो. या व्याख्येप्रमाणे भाचा सहयोगी सदस्य होऊच शकत नाही, कारण भागपत्रावर त्याचे नाव नाही. पण २०१९ साली अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आले आणि त्याच्या १५४ब-१ या कलमाने व्याख्या पालटल्या. भागपत्रावर दुसरे नाव असलेला तो आता संयुक्त सदस्य झाला. सहयोगी सदस्य म्हणजे ज्याचे नाव भागपत्रावर नाही, पण सदस्याच्या लेखी शिफारशीवरून ज्याला घेतले आहे आणि जो सदस्याच्या लेखी पूर्वसंमतीने त्याचे हक्क बजावतो आणि कर्तव्ये पार पाडतो असा नातलग. आणि त्या नातलगांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, भावंडे, मुले, सून-जावई यांच्या बरोबरीने भाचा-पुतण्या आणि भाची-पुतणी आहेत. म्हणजे जो भाचा उपविधींच्या कुटुंबात बसत नाही तोच अधिनियमाच्या यादीत बसतो, आणि मुखत्यारपत्र दाखवून ज्या सभेत तो जाऊ शकत नाही तिथे सहयोगी सदस्य म्हणून जाऊ शकतो.

उपविधींच्या भाषांतरात मी जुनीच व्याख्या ठेवली. ती कालबाह्य झाली आहे हे ठाऊक असूनही नवी व्याख्या तिथे घातली नाही, कारण बाईंनी मागितले होते त्यांच्या संस्थेच्या नोंदलेल्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते, आणि पुस्तिकेत जुनेच लिहिले होते. माझ्या मते अशा कामातली सर्वांत मोठी चूक ही भाषेची नसते, तर उपकार करण्याच्या हेतूने मजकूर सुधारण्याची असते. सुधारलेले भाषांतर घेऊन मालक संस्थेशी बोलायला जातो आणि संस्था आपली मराठी प्रत उघडून सांगते की आमच्याकडे असे काही नाही. तिथपासून भाषांतराच्या प्रत्येक पानावरचा विश्वास जातो. म्हणून त्या व्याख्येखाली तळटीप दिली की हा मजकूर २०१९ पूर्वीचा आहे, प्रकरण १३-ब मध्ये या संज्ञेची वेगळी व्याख्या आहे, आणि अधिनियम व उपविधी यांच्यात विसंगती आढळल्यास अधिनियम पाहावा. त्या कलमाचे इंग्रजी वेगळ्या कागदावर जोडले. संपूर्ण भाषांतराच्या माथ्यावर एक वाक्य आधीच होते: हे भाषांतर माहितीसाठी असून अर्थाबद्दल शंका आल्यास नोंदणीकृत मराठी प्रतच ग्राह्य धरावी.

बाईंनी संस्थेला दोन पत्रे पाठवली, दोन्हींत कलमांचे क्रमांक आमच्या इंग्रजी प्रतीवरून घेतलेले. पहिल्याचा निकाल लवकर लागला. सचिवांनी लेखापरीक्षकांना विचारले आणि पुढच्या तिमाहीपासून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्कावर मोजले जाऊ लागले, सर्वच सदनिकांना. आधी घेतलेली जादा रक्कम परत द्यायची की नाही, हा विषय वार्षिक सभेपुढे ठेवला आहे. भाच्यावरचे शुल्क समितीने कायम ठेवले आणि बाईंनी ते सध्या तक्रार नोंदवून भरणे पसंत केले. सहयोगी सदस्यत्वाचा अर्ज मात्र पहिल्यांदा परत आला, कारण सचिवांच्या पुस्तिकेत जुनी व्याख्या होती. तळटीप आणि १५४ब-१ ची मराठी प्रत जोडून तो पुन्हा दिला, शंभर रुपये प्रवेशशुल्क भरले आणि समितीने तो मंजूर केला.

आता अडले आहे ते लेखी पूर्वसंमती या दोन शब्दांवर. ती एकदा दिली की कायमची, की प्रत्येक सभेसाठी वेगळी, हे अधिनियमाच्या त्या वाक्यात सांगितलेले नाही, आणि म्हणून माझ्या इंग्रजीतही ते सांगितलेले नाही. समितीचा आग्रह प्रत्येक सभेसाठी वेगळ्या पत्राचा आहे. सर्वसाधारण सभेची सूचना वार्षिक असेल तर चौदा आणि विशेष असेल तर पाच पूर्ण दिवस आधी येते, आणि पूर्ण दिवस मोजताना सूचनेचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत, तेवढ्या अवधीत बाई संमतीपत्रावर सही करून त्याची प्रत ईमेलने पाठवतात, मूळ पत्र मागाहून टपालाने जाते.